कान कुठाय?

तात्यांना स्थळाचा फोटो दाखवू नये. आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरीही सगळे दाखवतात. दाखवावा लागतो म्हणा ना. तुमच्या घरी बायोडाटा आलाय हे तात्यांना जिन्यातूनच कळतं. मग ते 'पेपर आहे का आजचा?' असं विचारत आत येतात, पेपर न उघडता मांडीवर ठेवतात आणि हात पुढे करतात. त्या हातात फोन देण्यावाचून गत्यंतर नसतं.

आपण सगळे फोटो बघतो म्हणजे चेहरा बघतो. 'छान आहे हो मुलगी', 'डोळे बोलके आहेत', 'आईवर गेलेली दिसते', असं काहीबाही बोलतो. तात्या फोन हातात घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोन बोटांनी फोटो मोठा करतात, आणखी मोठा करतात, मग कुठेतरी कडेला नेतात आणि थांबतात. खोलीत शांतता पसरते. मुलीची आई पदर सावरते.

"कान कुठाय?"

आंबा घेणारा जाणता माणूस रंग न बघता आधी देठाशी हुंगतो, तसे तात्या फोटोत आधी कान बघतात. बाकीचा चेहरा त्यांच्या लेखी नंतरचा. देशपांड्यांच्या मुलीचा फोटो सगळ्या बिल्डिंगला आवडला होता. एका खांद्यावरून मोकळे केस, मान जराशी कललेली, मागे कुठलंसं तळं. तात्या म्हणाले, "एक कान केसात, दुसरा मानेमागे. पलीकडच्यांना वाटेल, काहीतरी लपवलंय." देशपांडेवहिनींनी तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी मुलीचे केस मागे बांधून काढलेला नवा फोटो तात्यांच्या दारात हजर होता.

तात्यांची सगळी नोकरी एस.टी.त झाली, पास विभागात. विद्यार्थ्यांचे, नोकरदारांचे फोटो पासावर चिकटवायचे आणि अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येईल असा शिक्का मारायचा. आम्हाला वाटायचं, हे कानाचं खूळ तिथूनच आलं असणार. हजारो लोकांच्या कानांवर शिक्के मारले की माणसाचं असं होतं, असं आमचे भाऊ म्हणायचे. तसं नव्हतं ते, पण तो भाग पुढे येईल.

खुळालाही शास्त्र असतं हे तात्यांकडे बघून कळतं. त्यांना एकदा मी चिडूनच विचारलं होतं, "तात्या, लग्न कानाशी करायचंय का?" ते जराही न चिडता म्हणाले, "बस. तुझा स्वतःचा फोटो काढ. हात लांब करून काढ." मी सेल्फी काढला. "आता फोन मला दे आणि त्या कपाटाला टेकून उभा राहा." ते सात-आठ फूट लांब गेले, फोनमधलं दोन पटीचं भिंग लावलं आणि एक फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले. पहिल्यात माझं नाक मला ओळखू येईना. गाल फुगलेले, कपाळ पुढे आलेलं आणि कान जवळजवळ गालांच्या मागे गेलेले. दुसऱ्यात मी होतो, जसा आरशात आणि रेशनकार्डावर असतो तसा.

"फोन दीड-दोन फुटांवर असला की नाक त्याच्या फार जवळ आणि कान त्या मानाने लांब," तात्या म्हणाले. "जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. सात फुटांवरून नाक काय नि कान काय, अंतर सारखंच. तेव्हा कान गालाआड गेले की समजायचं, फोटो हातभर अंतरावरून काढलाय आणि मुलीचं नाक आहे त्याहून मोठं दिसतंय. मग पलीकडची आत्या म्हणणार, नाकात जरा हे आहे. नाकात काही नसतं. हात आखूड असतो."

कानाचा एवढाच उपयोग असता तर आम्ही तात्यांना माफ केलं असतं. पण त्यांच्या मते फोटोची सगळी कुंडली कानात असते. दोन्ही कान सारखे दिसत असतील तर चेहरा सरळ आहे. एकच दिसत असेल तर मान वळवलेली आहे, तेही चालतं, पण मग दुसरा फोटो सरळ हवा. कान स्पष्ट आणि डोळे पुसट असतील तर फोकस चुकलाय. कानाची पाळी लालभडक दिसत असेल तर उजेड पाठीमागून येतोय आणि चेहरा अंधारात गेलाय. मागचं सगळं धूसर करणारी सोय लावून फोटो काढला असेल तर फोनला केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते हे नीट कळत नाही, मग तो कानाची कड आणि झुमक्याचं अर्धं टोक भिंतीत विरघळवून टाकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर. ते गाल घासतं, कपाळ घासतं, डोळ्यांखालचं पुसतं, पण कानाकडे बहुतेक वेळा त्याचं लक्ष नसतं. असा एक फोटो त्यांनी मला मोठा करून दाखवला होता. गालावर एक छिद्र नाही, एक तीळ नाही आणि त्याला लागून कान मात्र चांगला हाडामासाचा, लव असलेला, टोचलेल्या भोकाभोवती किंचित सुरकुतलेला. "हा कान आणि हा गाल एका माणसाचे वाटतात का तुला?" तात्यांनी विचारलं. खरं सांगायचं तर वाटत नव्हते.

एक मात्र मला तेव्हाही जाणवलं होतं. फोटोतल्या मुलीच्या रंगाबद्दल तात्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही. इतर सगळे तेच आधी बोलतात, कधी उघड, कधी 'तेजस्वी', 'सतेज' असल्या शब्दांच्या आडून. कुणी विचारलंच, "तात्या, गोरी आहे का हो?" तर ते म्हणायचे, "भिंत बघा. भिंत पिवळी आहे. पांढरी भिंत फोटोत पिवळी दिसते म्हणजे बल्ब पिवळा होता. रंगाचं काही कळणार नाही." भिंत पांढरीशुभ्र असली तर म्हणायचे, "फोटो उजळ केलेला दिसतो. रंगाचं काही कळणार नाही." कुठल्याही फोटोवरून रंगाचं काही कळू नये, अशी एकूण व्यवस्था होती.

हा माणूस आमच्या घरात पूर्णवेळ शिरला तो पुतणीच्या वेळी.

पुतणी हिंजवडीला नोकरी करते. 'बघू या' एवढं म्हणण्यापर्यंत ती आली तेव्हा वहिनींनी त्याच रात्री बायोडाटा तयार केला. वर गणपती, खाली जन्मवेळ, नाडी, गण, मामांचं गाव, आणि उजव्या कोपऱ्यात फोटो. हा फोटो मावसबहिणीच्या लग्नातला. पैठणी, नथ, अंबाड्यात मोगरा. वहिनींच्या मते याच्याइतका सुंदर फोटो तिचा पुन्हा निघणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्या पेपर मागायला आले.

या वेळी कान दिसत होते, दोन्ही. तात्या गप्प झाले. वहिनी विजयी मुद्रेने चहा टाकायला वळल्या. तेवढ्यात तात्या म्हणाले, "हा हात कोणाचा?"

पुतणीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. ग्रुप फोटोतून तिला कापून काढताना माणूस गेला होता, बोटं राहिली होती. "माझ्या भावाची आहेत," वहिनी म्हणाल्या. "हे तुम्हाला ठाऊक आहे," तात्या म्हणाले. "पलीकडच्यांना फक्त बोटं दिसणार. बोटात अंगठी आहे. पुरुषाचा हात आहे. त्या घरात या बोटांवर रात्री एक बैठक होईल." वहिनींचा चहा उतू गेला.

मग तात्या पैठणीवर घसरले. "पैठणी नेसली की लोक पैठणी बघतात. जरीवर फ्लॅश पडलाय, पदर पांढराफटक झालाय. नथीने ओठ झाकलाय. मुलगी यात कुठे आहे?" शेवटी त्यांनी फोन सरळ धरला आणि बायोडाट्यातला फोटो आणि मूळ फोटो आळीपाळीने दाखवला. "आता कुडी बघा." मूळ फोटोतली मोत्यांची गोल कुडी बायोडाट्यात आडवी, अंडाकृती झाली होती. वहिनींनी चौकटीत बसवण्यासाठी फोटो कडेने ओढला होता, कोपऱ्याने नाही. कडेने ओढला की तो एकाच बाजूने ताणला जातो. "कुडीबरोबर पोरगीही ताणली गेलीये," तात्या म्हणाले. "जिममध्ये पैसे भरते ती, आणि तुम्ही तिला एका बोटाने दहा किलोंनी वाढवलीत." टिकली, कुडी, घड्याळाची तबकडी, बांगडी समोरून दिसत असेल तर तीही, यातलं जे गोल असायला हवं ते गोल आहे का हे बघावं. नसेल तर फोटो ताणलाय. हे मी आता कुठलाही बायोडाटा आला की आपोआप बघतो आणि त्याबद्दल तात्यांचा मनस्वी राग येतो.

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या बाहेरच्या खोलीत फोटो काढायचा असं तात्यांनी परस्पर ठरवलं. स्टुडिओ नको का, असं भाऊ म्हणाले. "स्टुडिओ चांगला, पण तिथे ती स्टुडिओत गेल्यासारखी दिसेल," तात्या म्हणाले. खिडकी उत्तरेची होती हे त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. खोलीतली ट्यूब बंद करायला लावली. डोक्यावरच्या ट्यूबने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, नाकाखाली मिशी उगवल्याचा भास होतो, आणि खिडकीचा एक रंग नि ट्यूबचा दुसरा, असे चेहऱ्याचे दोन भाग पडतात. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, कारण ते नेमकं डोक्यातून उगवल्यासारखं दिसत होतं. पुतणीला भिंतीपासून तीन फूट पुढे उभं केलं, म्हणजे सावली भिंतीवर न पडता खाली जमिनीवर जाते. खिडकी तिच्या एका बाजूला, जराशी समोरच्या अंगाला. दुसऱ्या गालावर अंधार येत होता, तिथे भाऊंना दोन्ही हातांत पांढरा पंचा ताणून धरायला सांगितलं. पंच्यावर पडलेला उजेड परत गालावर येतो. भाऊ निवृत्त अधीक्षक अभियंता आहेत. ते अर्धा तास पंचा धरून उभे होते आणि मध्येच हात खाली आला तर तात्या "पंचा!" असं ओरडत होते.

साडीवरून पुन्हा वाद झाला. वहिनींनी पांढरी शिफॉन काढली होती. "पांढऱ्या साडीने फोन फसतो," तात्या म्हणाले. "त्याला वाटतं खोलीत फार उजेड आहे, मग तो सगळंच काळवंडून टाकतो, चेहऱ्यासकट." बारीक चौकडीची दुसरी साडी निघाली, तीही नको, कारण बारीक रेघा फोनच्या पडद्यावर वळवळतात. भडक हिरव्याचा रंग हनुवटीखाली उतरतो. अखेर पुतणीच आतून तिची निळी सुती इरकल घेऊन आली. ती ऑफिसच्या कार्यक्रमांना नेसते तीच, तीन-चारदा धुतलेली. तिच्या निऱ्या तिला सांभाळाव्या लागत नव्हत्या. तात्यांनी पहिल्यांदाच मान डोलावली. "नेसवलेली आणि नेसलेली, फोटोत लगेच कळतं. नेसवलेलीत मुलीचा एक हात सतत कुठेतरी काहीतरी धरून असतो."

आता चष्मा. वहिनी म्हणाल्या, काढून ठेव. पुतणी म्हणाली, नाही. तात्या म्हणाले, "लावते ना रोज? मग राहू दे." पण काचेत खिडकी चमकत होती आणि एक डोळा दिसत नव्हता. मला वाटलं, आता तरी हरले. तात्या पुढे झाले आणि म्हणाले, "पोरी, चष्म्याच्या काड्या कानावरून केसभर वर उचल. केसांनी झाकतील, दिसणार नाहीत." काड्या मागून उचलल्या की काचा किंचित खाली झुकतात आणि खिडकीची चमक फोनकडे न येता खाली निघून जाते. चमक गेली. पुन्हा कानच.

"एक, दोन, तीन" म्हणायला त्यांनी सगळ्यांना बंदी केली होती. तीनला माणूस हसत नाही, हसण्याची तयारी दाखवतो. मी सात फुटांवर, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीला धरून उभा होतो. तात्यांनी अचानक विचारलं, "तुमच्या ऑफिसात चहा केवढ्याला मिळतो गं?" ती म्हणाली, "फुकट असतो, तात्याआजोबा, पण तो चहा नसतो." आणि स्वतःच हसली. तात्यांनी माझ्या कोपराला ढोसलं. तोच फोटो.

मग चौकट. डोक्यावर दोन बोटं जागा, जास्त नाही. खाली कापायचं तर कंबरेच्या जरा वर किंवा मांडीच्या मध्यावर. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, जिथे सांधा आहे तिथे कापायचं नाही, कापलं तर तो अवयव तिथेच संपल्याचं वाटतं. एक फोटो अर्धा, एक पूर्ण उंचीचा, पूर्ण उंचीचा काढताना फोन कमरेच्या उंचीवर, कारण उभं राहून वरून काढला की डोकं मोठं आणि पाय आखूड होतात आणि पाच फूट तीनची मुलगी पाच फूट वाटते. आणि दोन्ही फोटो व्हॉट्सॲपवर नुसते पाठवायचे नाहीत, डॉक्युमेंट म्हणून जोडायचे. नुसता पाठवला की तो दाबून लहान करतो. तो पलीकडचे पुढे पाठवतात, कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढतं आणि चौथ्या घरी पोहोचेपर्यंत पुतणीच्या चेहऱ्याचे चौकोन होतात.

फोटो उत्तम आला. वहिनींनीही कबूल केलं. मग तात्यांनी तो पुन्हा मोठा करून बघितला आणि म्हणाले, "जरा जास्तच चांगला आलाय. दुसरा बघू." आणि त्याच्या आधीचा, हसू नुकतंच सुरू झालेलं, किंचित साधा असा फोटो त्यांनी निवडला. यावर घरात खरोखर भांडण झालं. "फोटो माणसापेक्षा दोन आणे कमीच असावा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आम्हाला तो निव्वळ खडूसपणा वाटायचा. लोक फोटो चांगला यावा म्हणून जिवाचं रान करतात आणि हा माणूस त्यातले दोन आणे कापून घेतो.

त्याचा उलगडा आक्काने केला. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, पंच्याहत्तरी ओलांडलेली, साताऱ्याला असते. दिवाळीत आली होती. चेहऱ्यावर देवीचे जुने व्रण, आवाज खणखणीत. तात्या औषधं आणायला गेले होते आणि मी तिच्याकडे कानांची तक्रार करत होतो. ती हसून म्हणाली, "त्याला विचार, माझा फोटो कोणी बिघडवला."

एस.टी.त लागण्याआधी तात्या साताऱ्यात एका फोटो स्टुडिओत कामाला होते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. काम रिटचिंगचं. तिरकी काचेची चौकट, खाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर काचेवर आणि त्या काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हवर आधी एक रोगण पुसायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग वाळूच्या कागदावर घासून सुईएवढं टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. तिथे जे काळं, ते कागदावर पांढरं येतं. व्रणाचा खड्डा भरायचा तर निगेटिव्हवर तेवढी जागा काळी करायची. मुलगी गोरी दाखवायची तर तिचा सगळा चेहरा पेन्सिलीने काळा करत बसायचं. जितकं काळं फासाल तितकी ती उजळ निघणार. लग्नाच्या फोटोंना तेव्हा हे काम सर्रास होई, आणि तात्यांचा हात त्यात फार चांगला होता असं आक्का म्हणाली.

"माझा फोटो त्याने रात्री बसून केला," आक्का म्हणाली. "एक व्रण ठेवला नाही. नाकावर एक उजळ रेघ ओढली, तेही सरळ झालं. फोटो आला तेव्हा मी आईला विचारलं, ही कोण?"

स्थळ कोरेगावचं होतं. मंडळी आली, पोहे झाले, आक्का बाहेर येऊन बसली. मुलाच्या काकूने पिशवीतून फोटो काढला, आक्काच्या चेहऱ्याशेजारी धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हिची धाकटी बहीण आहे का?" तात्या तेव्हा पाण्याचे पेले घेऊन दारात उभे होते. वय वर्षं एकोणीस.

"मला तेवढं लागलं नाही," आक्का म्हणाली. "मला आरसा माहीत होता. तोच महिनाभर जेवला नाही धड. मग स्टुडिओ सोडला आणि एस.टी.त चिकटला. पासावरच्या फोटोला कुणी गोरा करत नाही ना." तिचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, फोटो न पाठवता. ती शाळेत शिकवायला जायची आणि तिचे यजमान तिला रोज सव्वा आठच्या गाडीला बघत होते. "व्रणांसकट," आक्का म्हणाली. मग जरा थांबून, "कान तेवढे त्याने सोडले होते माझे. तिथपर्यंत पेन्सिल नेली नव्हती. काकूने त्याच्यावरूनच ओळखलं असणार, चेहरा एक नि कान एक."

तात्या औषधं घेऊन परत आले तेव्हा मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत असणार, कारण ते म्हणाले, "काय बघतोस? पेपर आहे का आजचा?" मी गुपचूप दिला. आजवर त्यांनी फोटोतून जे दोन आणे कापले ते कुणाच्या खात्यात जमा केले हे मला आता कळलं होतं. पण हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी माझाच कान धरला असता.

त्यामुळे माणूस सुसह्य झाला असं कुणी समजू नये. मुलांकडचे फोटो यायला लागले आणि तात्यांना नवं कुरण मिळालं. मुलींच्या फोटोचा एवढा कीस पाडणारा समाज मुलांचे फोटो कसे पाठवतो हे एकदा ओळीने बघावं. एक मुलगा लडाखमध्ये मोटरसायकलवर, हेल्मेट आणि गॉगलसह. ("मोटरसायकल चांगली आहे. ही मुलाची का?") एक आयफेल टॉवरसमोर, टॉवर पूर्ण, मुलगा तांदळाएवढा. ("टॉवरची उंची बायोडाट्यात लिहा.") एक कोटाटायमध्ये, पण कोट फोटोत नंतर चिकटवलेला, मान कॉलरपासून वेगळी झालेली. एक जण चक्क दाढीत होता आणि बायोडाट्याच्या दुसऱ्या पानावर बिनदाढीत, तात्यांनी दोन वेगवेगळी स्थळं समजून दोघांवर स्वतंत्र शेरे मारले. पूर्ण उंचीचा, साध्या कपड्यांतला, चालू वर्षातला फोटो एकाचाही नव्हता आणि तो मागायचा असतो हे कुणाला सुचलंही नव्हतं. पुतणी तर म्हणाली, "एवढ्या सगळ्यांत मिळून तीन कान झाले, तात्याआजोबा."

मग ते स्थळ आलं. सगळं जुळत होतं. घर चांगलं, नोकरी चांगली, मुलाचा फोटो गॉगलमधला असला तरी एक कान बाहेर. पुतणीचे दोन्ही फोटो गेले. दोन दिवसांनी मुलाच्या आईचा वहिनींना मेसेज आला: 'फोटो छान आहेत. मुलीचा चष्म्याशिवायचा एक फोटो मिळेल का?'

वहिनी लगेच पुतणीला हाक मारायला निघाल्या. भाऊ पंचा शोधायला उठले. तात्या तिथेच पेपर मांडीवर ठेवून बसले होते. त्यांनी फोन उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कुणाला काही कळायच्या आत, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहून पाठवून दिलं. वहिनींनी फोन हिसकावून घेतला तेव्हा उशीर झाला होता. मी वाकून वाचलं:

'मुलीला चष्म्याशिवाय दिसत नाही. तुमच्या मुलाचा फोटो ती चष्मा लावूनच बघणार आहे. तेव्हा त्यानेही गॉगल काढावा.'

दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही आलं नाही. वहिनींनी त्या दिवशी तात्यांना चहा दिला नाही. पुतणीने दोनदा दिला.